सोमवार नको

शारजा, २९ मे २०२५

प्रिय सलीम,

अस्सलामु अलैकुम. बोकडाचे पैसे काल पाठवलेत. सोमवारी कसाब निवांत असतो, तेव्हा करू, असं तू फोनवर म्हणालास. ते नको. कुर्बानी माझ्या नावची आहे आणि मी इथं आहे, अडचण तिथंच आहे.

इथं ईद शुक्रवारी ६ जूनला, तुमच्याकडे शनिवारी ७ला. आपल्या हनफी हिशेबानं कुर्बानीचे दिवस जिलहज महिन्याच्या १० ते १२ तारखेपर्यंत, बाराव्या दिवशी सूर्य मावळला की संपले. तुमचे दिवस शनि, रवि, सोम. माझे शुक्र, शनि, रवि. सोमवारी तुझ्याकडे १२ तारीख असली तरी माझ्याकडे १३ लागलेली असेल. अशा वेळी कुर्बानी होते की नाही यावर मौलानांचं एकमत नाही. मग वाद कशाला? दोघांकडे चालणारे दिवस शनिवार-रविवार. शनिवारी मुस्लिम बोर्डिंगची नमाज झाल्यावरच सुरी फिरव. शहरात नमाजीआधी कापलं तर ते नुसतं मटण, कुर्बानी नव्हे.

फ्लॅटच्या पार्किंगमध्ये मात्र काही करू नकोस. परवानगीच्या जागी कसाबाकडून करून घे, माझ्या नावची नियत सांग. मी समोर असायची गरज नाही, तू माझा वकील.

आता जनावर. वडगावच्या बाजारात रंग आणि शिंगं बघून भुलू नकोस, खालचा ओठ ओढून बघ. बोकडाला वरचे पुढचे दात नसतातच. खाली बारीक दुधाच्या दातांच्या मधोमध दोन रुंद दात दिसले तर तो दोनदाती, म्हणजे वर्ष उलटलेलं. सगळे बारीक असतील तर आदत. अट वर्षाची आहे, दात ही फक्त खूण. मागच्या वर्षी 'दोनदाती' म्हणून आपल्या गळ्यात आदतच मारला होता, अब्बांनी घरी आणल्यावर ओठ उचलला तेव्हा कळलं. मग त्याला चालवून बघ. चौथा पाय टेकत नसेल, एक डोळा गेलेला असेल, आजारी किंवा हाडाचा सापळा झालेला असेल, कानाचा तिसऱ्या भागाहून जास्त तुकडा गेलेला असेल तर सोडून दे. खच्ची केलेला किंवा जन्मतः बिनशिंगाचा चालतो.

समजा मटण १५ किलो भरलं, तर पाच किलो घरात, पाच नातेवाईक-शेजाऱ्यांत, पाच गरिबांत. हे तीन हिस्से फर्ज नाहीत, उत्तम एवढंच; घरी माणसं जास्त असतील तर घरचा वाढला तरी चालतं. पण कसाबाची मजुरी रोखच दे. मटण, मुंडी, कातडं त्यात वळतं करायचं नाही. आधी मजुरी चुकती कर, मग ईदचं म्हणून दिलंस तर हरकत नाही. कातडं विकलंस तर पैसे खैरातीत.

अम्मीला सलाम. बाजारात ओठ उचललास की दातांचा फोटो पाठव, मी बघितल्यावरच पैसे मोज.

तुझा,
भाईजान