शैलू, तुझं नाव न घेता तुझंच नाव वापरलं

प्रिय शैलू,

चार महिने पत्र नाही, फोन नाही, शिव्या घाल पण नंतर. घरी सगळे बरे, आईचा गुडघा आहे तसाच. आता मुद्द्यावर येते, कारण हे फक्त तुलाच कळेल. मी श्वेताताईला मेसेज केला. हो, तीच. घुमट आरतीवाली.

झालं असं की फार्मसीचं सहावं सेमिस्टर संपत आलं आणि आता ते 150 तासांचं ट्रेनिंग, कंपनीत नाहीतर हॉस्पिटलमध्ये. वर्गातले सगळे वेर्ण्याच्या औषध कंपन्यांच्या मागे लागलेत. तिथं नेमकं काय करायला मिळतं ते मात्र कोणालाच माहीत नाही. म्हटलं आपल्या कॉलेजमधलंच कोणीतरी बघूया. LinkedIn वर कॉलेजचं पान उघडलं की माजी विद्यार्थ्यांची यादी येते, कुठं काम करतात त्याप्रमाणे गाळता येते. क्यूसी, म्हणजे औषधं तपासणारं खातं, टाकलं तर पहिलीच ती, हसतेय!

आणि फोनवर माझं बोट कनेक्टवर पडलं. नोट नाही, काही नाही, रिक्वेस्ट गेली. घाबरून मागे घेतली. मग कळलं की मागे घेतली की त्याच माणसाला तीन आठवडे परत पाठवता येत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आधी वाच, मग दाब." माहितेय, म्हणू नकोस.

पण ते तीन आठवडे मिळाले ते बरंच झालं गं. आधीचा मसुदा बघितला असतास तर मला मांडवीत ढकललं असतंस. दीड पान. रेझ्युमे जोडलेला, "मला तुमच्या कंपनीत इंटर्नशिप मिळवून द्याल का", वर "कुठली औषधं बनवता, बॅच फेल झाली तर काय करता". ती दोन वर्षांपूर्वी लागलेली मुलगी, एचआर थोडीच आहे, कॉलेजचं पत्र जाऊन तिथूनच ठरतं सगळं. आणि बॅचचं ती सांगणार कशी, नोकरी जाईल. नाही म्हणायलासुद्धा अवघड वाटलं की माणूस गप्पच बसतो. मीही बसले असते.

म्हणून एकच प्रश्न ठेवला, जो तिनं स्वतः अनुभवलाय आणि जेवता जेवता सांगता येईल असा. फुकटच्या अकाउंटला नोटेत 200 अक्षरं, आणि काना-मात्रा वेलांट्या सगळं मोजतात, नुसत्या "नमस्कार"ला सात गेली. मॅडम लिहू की ताई यावर एक संध्याकाळ घालवली. शेवटी हे गेलं:

"नमस्कार श्वेताताई, मी फार्मसी, सहावा सेमिस्टर. तुम्ही 150 तास क्यूसीत केले ना? ट्रेनीला इन्स्ट्रुमेंटवर हात लावू देतात का? दोन ओळींत सांगितलंत तरी पुरे. घुमट आरतीत मागच्या रांगेत होते."

शेवटची ओळ उगाच नाही. नुसतं "तुमच्या कॉलेजची" म्हणणारे शंभर असतील, पण घुमटाचं कातडं फाटलं त्या दिवशी मागच्या रांगेत कोण होतं हे ती कशी विसरेल. (कातडं तूच फाडलंस. मी अजूनही हेच म्हणणार.)

दुसऱ्या दिवशी रात्री अकराला उत्तर. हात लावायला मिळत नाही, ट्रेनिंग रेकॉर्डवर सही नसलेला माणूस टेस्ट करू शकत नाही, औषधं बनवण्याच्या जीएमपीचा नियमच तो. पहिले दिवस एसओपी, म्हणजे कामाच्या ठरलेल्या पद्धती, वाचायच्या, मग एचपीएलसी मशीनवाल्याच्या मागे उभं राहून बघायचं, तो का थांबला, काय परत केलं ते विचारायचं. आणि म्हणाली, पुढच्याला हे विचार की एकाच जागी ठेवतात की डिपार्टमेंट फिरवतात, त्यावरच सगळं अवलंबून. मला हे सुचलंच नव्हतं.

आता माझी पंचाईत. दिवसाला आठ तास धरले तरी एकोणीस दिवस, तेवढे दिवस नुसतं उभं राहून बघायचं? हॉस्पिटलच्या फार्मसीत निदान प्रिस्क्रिप्शन तरी हातात येईल. पण पुढं नोकरी वेर्ण्यालाच शोधायची तर कारखान्याची हवा आधी लागलेली बरी, नाही का? आमच्या घरी सल्ला म्हणजे बाबा म्हणणार "जवळचं बघ", म्हणजे बस बदलावी लागू नये. तूच सांग. तिला मी लगेच आभार कळवले, रेझ्युमे मात्र चिकटवला नाही.

तुझं पुण्याचं कसं चाललंय, खोली बदललीस का, तिथले पाव खाऊन रडतेस का अजून? चवथीला ये, तिकीट आत्ताच काढ.

आणि हो, खरं कारण हे. तिच्या मेसेजात शेवटी एक ओळ होती: "ती घुमटवाली अजून माझ्यावर रागावलीय का?" तीन दिवस झाले, मी उत्तर दिलं नाही. काय लिहू ते कळव, लवकर.

तुझी,
मनू