सात ओळींची मेल

पुणे,
रविवार

प्रिय बाळ्या,

तुझा मेलचा मसुदा शुक्रवारीच मिळाला. प्रेसमध्ये दिवाळीच्या लेबलांची घाई होती, म्हणून आज निवांत बसून तीनदा वाचला. मिरजेच्या त्या मसालेवाल्यांना तू जे काही लिहिलं आहेस त्यातलं बहुतेक मी कापलंय. रागावू नकोस. का कापलं ते सविस्तर सांगतो, कारण त्यांच्या पाकिटांच्या डिझाइनचं हे काम तुला मिळावं असं मला मनापासून वाटतं.

तुझी सुरुवात अशी आहे: "नमस्कार, माझं नाव अमुक असून मी गेली सहा वर्षे ग्राफिक डिझाइनच्या क्षेत्रात कार्यरत आहे." आमच्या प्रेसच्या पत्त्यावर अशा मेल सतत येतात आणि त्या मीच उघडतो, किंवा उघडत नाही. फोनवर मेलची यादी दिसते तेव्हा पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि पहिल्या ओळीचे चार-सहा शब्द, एवढंच दिसतं. त्या जागेत तू तुझं नाव दुसऱ्यांदा सांगतोयस. वाचणाऱ्याला तिथे स्वतःच्या धंद्यातलं काहीतरी दिसलं, तरच त्याचा अंगठा थांबतो.

आणि तुझ्याकडे सांगण्यासारखं होतं रे! ते तू चौथ्या परिच्छेदात पुरून ठेवलंस. त्यांचा घाटी मसाला आणि कांदा-लसूण मसाला, दोन्ही पाकिटं लाल. नाव खाली, बारीक पिवळ्या अक्षरात. दुकानात हातात घेतलं की वाचता येतं, पण ऑनलाइन विक्रीच्या पानावर पाकीट नखाएवढं दिसतं आणि दोन्ही एकच वाटतात. तीन ग्राहकांनी तिथे "दुसराच मसाला आला" असं लिहिलंय, हे तू शोधून काढलंस. संपूर्ण मेलमध्ये हीच एक गोष्ट अशी आहे, जी दुसरा कुठलाही डिझायनर दुसऱ्या कुठल्याही दुकानाला लिहू शकला नसता. तीच पहिली ओळ.

बाकीचं मी याच कसोटीवर तपासलं. "ब्रँडला नवी ओळख", "आकर्षक आणि आधुनिक मांडणी", "ग्राहकांशी भावनिक नातं", ही वाक्यं बेकरीला पाठवली काय आणि दवाखान्याला पाठवली काय, काही फरक पडत नाही. म्हणून ती गेली. सहा वर्षांचा अनुभव गेला, सेवांची यादी गेली. पोर्टफोलिओची १८ एमबीची पीडीएफही काढ. अनोळखी माणसाची जड फाईल कोणी उघडत नाही, आणि पहिल्याच मेलला फाईल आणि दोन-तीन लिंका लावल्या की ती स्पॅममध्ये जाण्याची भीती वाढते.

"तुमचा लोगो जुनाट वाटतो" हे वाक्य तर वाचताच खोडलं. तो लोगो कदाचित त्यांच्या वडिलांनी काढून घेतलेला असेल. तुला लोगोला हात लावायचाच नाहीये, मग तो विषय काढायचा कशाला?

एक गोष्ट मात्र मी घातली आहे, कारण ती मला माझ्या धंद्यामुळे माहीत आहे. डिझाइन बदला म्हटलं की पाकीटवाल्या माणसाच्या डोक्यात पहिल्यांदा तुझी फी येत नाही, छपाईचे सिलिंडर येतात. ही पाकिटं ग्रॅव्ह्युअरवर छापतात, दर रंगाला वेगळं सिलिंडर लागतं. डिझाइन बदललं की सिलिंडर नवे करायचे, शिवाय छापून पडलेला माल वाया जायचा. तो तिथेच "नको" म्हणून मोकळा होतो, तुला कळवतही नाही. म्हणून आधीच सांगायचं, की शिल्लक पाकिटांवर पुढच्या मोकळ्या जागेत नावाचं ठळक स्टिकर लावून हे करून बघता येईल, सिलिंडरचं पुढची छपाई येईल तेव्हा बघू. ही ओळ वाचली की माणसाला कळतं, याला आपल्या अडचणी माहीत आहेत.

शेवट तू असा केलास: "आपल्या सोयीनुसार एक मीटिंग ठरवून सविस्तर चर्चा करू या." अनोळखी माणसासाठी वेळ काढायचा म्हणजे त्याला वही उघडावी लागणार. त्यापेक्षा असा प्रश्न विचार, ज्याला गल्ल्यावर बसून एका शब्दात उत्तर देता येईल.

आता ही मेल वाच.

> विषय: तुमच्या दोन लाल पाकिटांबद्दल
>
> नमस्कार,
>
> घाटी आणि कांदा-लसूण मसाल्याची तुमची पाकिटं फोनवर एकसारखी दिसतात. ऑनलाइन विक्रीच्या पानावर तीन ग्राहकांनी "दुसराच मसाला आला" असं लिहिलं आहे.
>
> मी सांगलीत पाकिटं आणि लेबलं डिझाइन करतो. घाटीच्या पाकिटाची पुढची बाजू बदलून पाहिली आहे. तुमचा लोगो आणि लाल रंग तसाच ठेवला आहे. शिल्लक पाकिटांवर स्टिकर लावूनही हे जमेल, नवे सिलिंडर लगेच करावे लागणार नाहीत.
>
> आताचं आणि बदललेलं, दोन्हींचा एक फोटो पाठवू का?

खाली तुझं नाव आणि फोन नंबर. बस.

विषयाच्या ओळीबद्दल तू सुचवलेलं "घाटी मागवला, कांदा-लसूण आला" मला आधी आवडलं होतं. पण तू पत्ता घेतलास तो पाकिटाच्या मागून. तिथे छापलेला संपर्क ग्राहकांच्या तक्रारींसाठी असतो. अशा पत्त्यावर ती ओळ गेली तर ते तक्रार समजून धसक्याने उघडतील, आणि आत डिझायनर निघाला की फसवल्यासारखं वाटेल. उघडली जाईल, पण उत्तर येणार नाही.

फोटो मात्र मेल पाठवायच्या आधी तयार ठेव. "पाठवा" असं आलं की तासाभरात गेला पाहिजे, दुसऱ्या दिवशी पाठवलास तर ते विसरलेले असतील. फक्त पुढची बाजू कर, पूर्ण पाकीट फुकट करून देऊ नकोस. दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी, फोनच्या पडद्यावर दिसतात तेवढीच छोटी दाखव, म्हणजे फरक सांगावा लागणार नाही. आणि नव्या बाजूवर शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि निव्वळ वजन विसरू नकोस. तू मागच्या वेळी त्या लोणच्याच्या लेबलवर चिन्ह विसरला होतास, आणि मालकाने पहिलं तेच पाहिलं होतं.

उत्तर नाही आलं तर आठवड्याने त्याच मेलखाली एकदाच लिही. "माझी मेल पाहिलीत का" असं नको. बाजारात जा, किराणा दुकानाच्या फळीवर त्यांची दोन्ही पाकिटं एकत्र कोंबलेली दिसतील, दुकानदाराला विचारून फोटो काढ आणि तो एका ओळीसह पाठव. त्यानंतरही काही आलं नाही तर सोडून दे. त्या तक्रारीच्या नंबरवर फोन करू नकोस, तो त्यांच्या ग्राहकांसाठी आहे.

दुपारी दुकान थोडं थंड असतं, तेव्हा पाठव. सोमवार नको, त्यांच्याकडे मालाच्या गाड्या सोमवारी येतात असं तूच म्हणाला होतास. मंगळवारी पाठवलीस तर मला लगेच कळव, आणि स्टिकरचं माप ठरलं की सांग. नमुन्याची शंभर स्टिकरं मी इथे छापून एसटीच्या पार्सलने धाडतो.

वहिनींना नमस्कार, चिमुकलीला पापा.

तुझाच,
प्रेसवाला