अष्टांगिक मार्ग, पंचशील आणि सराफ्यातली कचोरी

प्रिय नित्या,

तुझा मेसेज वाचला. परीक्षेसाठी अष्टांगिक मार्गाची आठही अंगं पाठ आहेत पण मधलंच कुठलं विचारलं की पहिल्यापासून मोजत यावं लागतं म्हणतोस, अरे ते सगळ्यांचंच होतं, कारण एका सुरात पाठ केलेली गोष्ट सुरातच बाहेर येते. आमच्याकडे विहारात लहानपणापासून पंचशील म्हणणारी पोरंसुद्धा चौथं शील विचारलं की मनातल्या मनात पाणातिपातापासून सुरू करतात.

म्हणून आधी पाली नावं घे, मराठी नाही. दिट्ठि, संकप्प, वाचा, कम्मन्त, आजीव, वायाम, सति, समाधि, म्हणजे दृष्टी, संकल्प, वाणी, कर्म, उपजीविका, प्रयत्न, स्मृती, समाधी. प्रत्येकाच्या आधी सम्मा, म्हणजे सम्यक, आहेच, तो पाठ करण्यात डोकं घालवू नकोस. आता पहिली अक्षरं बघ, दि-सं, वा-क-आ, वा-स-स. मी मुद्दाम तोडून लिहिलंय, दोन, तीन आणि तीन. ह्याच्यावरचं माझं वाक्य आहे: दिनू संध्याकाळी, वाटेत कचोरी आणतो, वास सराफ्यात सगळीकडे. इंदूरचा माणूस दुसरं काय बनवणार! तू वडोदऱ्यात बसून तुझं वेगळं बनव हवं तर, पण स्वल्पविराम हलवू नकोस, खरा माल त्या स्वल्पविरामांतच आहे.

कारण पहिला तुकडा म्हणजे प्रज्ञा, दुसरा शील, तिसरा समाधी. चूळवेदल्ल सुत्तात विशाख विचारतो आणि धम्मदिन्ना भिक्खुणी अगदी अशीच वाटणी करून देते, मज्झिम निकायातलं ४४ वं सुत्त, उत्तरात त्याचं नाव लिही. आता पाचवं कोणतं? दोन आणि तीन पाच, म्हणजे शीलाच्या तुकड्यातलं शेवटचं, आजीव. सातवं? शेवटच्या तुकड्यातलं मधलं, सति. मोजत बसायचं कामच नाही.

ह्यात दोन जागी पाय घसरतो. एक म्हणजे वा दोनदा आहे आणि स पण दोनदा. पहिला वा तोंडाचा, तो शीलात, दुसरा वा मनाच्या प्रयत्नाचा, म्हणून समाधीच्या तुकड्यात. स चं सोपं आहे, समाधी शेवटीच बांधतात (आजी ऐकेल तर रागावेल, पण लक्षात राहतं की नाही?). दुसरी जागा जास्त मार्क खाणारी आहे. तीन शिक्षांचा, म्हणजे ह्याच तीन तुकड्यांचा, क्रम विचारला तर तो शील, समाधी, प्रज्ञा असा लिहायचा, पण आठ अंगांची यादी प्रज्ञेपासून सुरू होते. वाक्यातले तुकडे आहेत त्याच क्रमाने तिकडे उतरवलेस तर गेलंच.

पंचशीलाचं छोटं आहे, पाणातिपाता, अदिन्नादाना, कामेसु मिच्छाचारा, मुसावादा, सुरामेरय. पावसात अण्णा काल मुंबईहून सुटले. झालं. फक्त अष्टशील विचारलं तर तिसऱ्याच्या जागी अब्रह्मचरिया येतं हे ध्यानात ठेव, अण्णांचं वाक्य तिथे चालत नाही.

पण मला विचारशील तर दोन्ही वाक्यं एकमेकांना बांधून ठेवली की खरी मजा येते. समज प्रश्न आला, पंचशील अष्टांगिक मार्गात कुठे बसतं? अण्णांना कचोरीवाल्या तुकड्यात बसव, म्हणजे वा-क-आ मध्ये. हत्या, चोरी, व्यभिचार ही पहिली तिन्ही शीलं सरळ कम्मन्तात जातात. चौथं, खोटं बोलणं, ते वाचेत, पण वाचा त्याहून मोठी आहे, तिच्यात चहाडी, कठोर बोलणं आणि वायफळ बडबड टाळणंही येतं, तेव्हा दोन्ही सारखेच असं लिहू नकोस. राहिलं पाचवं, दारूचं. आठ अंगांच्या नेहमीच्या व्याख्यांत ते वेगळं सापडतच नाही आणि इथेच पोरं काहीतरी ठोकून देतात. दारू दिसते ती आजीवाच्या बाजूला, उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत: सत्थ, सत्त, मंस, मज्ज, विस, म्हणजे शस्त्रं, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष. दोन स, दोन म आणि एक वि, ह्याला तर वाक्यसुद्धा नको. म्हणजे दारू पिणं पाचव्या शीलात आणि विकणं आजीवात, एवढं एक वाक्य लिहिलंस तरी तपासणाऱ्याला कळतं की पोराने नुसतं घोकलेलं नाही.

आता पुस्तक बंद कर आणि उलटं म्हणून बघ, समाधीपासून दिट्ठीपर्यंत. अडखळलास तर कोणत्या तुकड्यात अडखळलास तेवढं बघ आणि तोच परत घे, सगळं पहिल्यापासून नको. मग रात्री फोन कर, मी मधलेच आकडे विचारतो.

काकूंना नमस्कार सांग, आणि शेव कुणाबरोबर पाठवू ते कळव.

तुझा,
मिल्या