चार पेशंट आणि तुझा पहिला नंबर

सोनू,

काल तू पाठवलेला अमेरिकेच्या नर्सिंग परीक्षेचा, एनक्लेक्सचा प्रश्न मी नाईटला दोनदा वाचला, एकदा चहा पिताना आणि एकदा पहाटेचे टीपीआर झाल्यावर. तू फोनवर म्हणालीस ना की "आई मी आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्ताभिसरण असं एबीसी लावलं तरी चुकलं, मग हे एबीसी काय कामाचं", तेव्हा मी काही बोलले नाही कारण वॉर्डात बेल वाजत होती. आता घरी आलेय, अंघोळ झालीय, झोप काय लगेच येत नाही, म्हणून बसून लिहिते.

प्रश्न परत मांडते म्हणजे आपण दोघी एकाच पानावर बघू. हँडओव्हर झाला आणि चार पेशंट आहेत, आधी कोणाकडे जाशील? पहिले ६८ वर्षांचे काका, फुप्फुसाचा जुना आजार सीओपीडी, २ लिटर ऑक्सिजनवर एसपीओटू ९०, खोकला आणि बेडका. दुसरी बाई, थायरॉइडचं ऑपरेशन होऊन ६ तास झालेत, म्हणते गळ्याची पट्टी घट्ट वाटतेय, जरा बेचैन आहे. तिसरा, पोटाचं मोठं ऑपरेशन होऊन ४ तास, पल्स ११८, बीपी १०४/७०, गेल्या तासाभरात लघवी २० मिली. चौथा, मांडीचं हाड मोडलंय, दुखणं १० पैकी ९.

तू काकांना निवडलंस. का ते मला कळलं, तू ९० हा आकडा बघितलास, श्वासाचा आजार बघितलास आणि बी म्हणजे ब्रीदिंग म्हणून टिक केलंस. अगं पण एबीसी आजाराच्या नावाला लावायचं नसतं. या पेशंटचं आत्ता काय बिघडतंय त्याला लावायचं. सीओपीडीच्या माणसाला आपण ऑक्सिजन देतो तोच ८८ ते ९२ च्या मधे ठेवायला, म्हणजे ९० हा त्यांचा चांगला आकडा झाला, आणि खोकला बेडका तर त्यांच्या रोजच्या जेवणासारखा. काका जसे काल होते तसेच आज आहेत. प्रश्न काढणाऱ्याने त्यांना मुद्दाम वर ठेवलंय, घाईत असलेल्या पोरींसाठी. आता याच काकांच्या पुढे "झोपाळलेले आहेत, विचारलेलं नीट सांगत नाहीत" एवढं जरी लिहिलं असतं ना तर गोष्ट वेगळी, मग कार्बन डायऑक्साइड साठतोय का अशी शंका, मग ते खरे बी झाले असते. आकडा तोच ९०, पण माणूस बदलला. तो बदल शोधायचा.

चौथ्याला पण पटकन बाजूला कर. मोडलेलं हाड दुखणारच. पण वाचताना एवढं बघ की बोटं बधिर झालीत का, गार पडलीत का, इंजेक्शन देऊनही दुखणं वाढतच चाललंय का, कारण तसं लिहिलं असेल तर ते नुसतं दुखणं नाही, पायाचा रक्तपुरवठा अडकतोय, म्हणजे तो सी होतो. इथे तसं काही नाही.

राहिले दोघं, आणि खरा प्रश्न इथून सुरू होतो.

तिसऱ्याला आतून रक्त जात असणार. बीपी १०४ बघून बऱ्याच जणी "ठीक आहे की" म्हणतात, पण रक्त जायला लागलं की आधी पल्स पळते, लघवी कमी होते, बीपी शरीर बराच वेळ ओढून धरतं आणि पडतं ते उशिरा. त्यात ऑपरेशनच्या आधी त्याचं बीपी १३०/८० असेल तर १०४ म्हणजे पडायला लागलंच आहे. म्हणून एकटा आकडा वाचू नकोस, आधी किती होतं ते प्रश्नात दिलंय का शोध. हा पेशंट खरा सी आहे आणि दुसरी बाई नसती तर उत्तर हाच.

पण ती बाई आहे. इथे तुला माझी स्वतःची गोष्ट सांगते, तुला कधी सांगितली नाही. नोकरीचं पहिलं वर्ष, अशीच एक थायरॉइडची पेशंट, मला म्हणाली सिस्टर पट्टी आवळतेय. मी समोरून बघितलं, ड्रेसिंग कोरडं, रक्त बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळीत पण फार काही नाही, मी चिकटपट्टी थोडी सैल केली आणि पुढच्या बेडला गेले. दहा मिनिटांनी इनचार्ज सिस्टर राउंडला आल्या, त्यांनी काही न विचारता बाईच्या मानेमागे हात घातला आणि हात बाहेर काढला तर तळवा लाल. उशी भिजलेली. माणूस टेकून पडलेला असतो ना, रक्त खाली मागे जातं, समोरची पट्टी कोरडीच राहते, आणि ड्रेनमधे गुठळी अडकली की तो पण रिकामाच दिसतो. त्या म्हणाल्या सर्जनला बोलाव आणि डोकं वर कर, बस. बाई थिएटरात गेली, वाचली. मला मात्र अजूनही अशी पेशंट आली की आधी मानेमागे हात जातो.

गळ्यात साठलेलं रक्त नुसतं बाहेरून श्वासनळी दाबत नाही, शिरा दाबल्या गेल्या की आतून स्वरयंत्राला सूज येते आणि वाट बंद होत जाते. "पट्टी घट्ट वाटते" आणि "बेचैन" हे त्याचे सुरुवातीचे शब्द आहेत, घरघर करणारा श्वास नंतर येतो, आणि एसपीओटू तर सगळ्यात शेवटी पडतो. म्हणून प्रश्नात तिचा आकडा दिलेलाच नाही बघ. वाट बंद झाली की मेंदूकडे चार-सहा मिनिटं असतात, तिसऱ्याकडे त्याहून जास्त वेळ आहे. उत्तर दुसरी.

वॉर्डात मी बाईकडे पळता पळता मावशींना सांगेन की अमक्या सिस्टरला पोटाच्या पेशंटकडे पाठवा, पण परीक्षेत तुझे दोनच पाय आहेत आणि प्रश्न "आधी कोण" एवढाच आहे. आणि पुढचा प्रश्न जर "आधी काय करशील" असा आला आणि तिचा श्वास घरघरतोय असं लिहिलं असेल तर बीपी घेत बसायचं उत्तर निवडू नकोस, तिथे तपासणी झालेली आहे, मदत बोलवायची, साठलेलं रक्त मोकळं करायला टाके काढायचा सेट बेडपाशी हवा. घरघर नसेल, नुसतं घट्ट वाटतंय, तर मात्र आधी मान आणि मानेमागे बघायचं, श्वास ऐकायचा.

एक जागा अशी आहे जिथे ही एबीसी चालत नाही. पेशंट हाकेला उत्तर देत नाही, श्वास नाही, पल्स नाही, तिथे आधी छाती दाबायची, वाट आणि श्वास नंतर. २०१० पासून अमेरिकन हार्टवाल्यांनी क्रम बदललाय आणि तुझी परीक्षा अमेरिकेचीच आहे. आम्ही शिकलो तेव्हा उलटं होतं, त्यामुळे माझ्या जुन्या वहीतलं ते पान वाचू नकोस, फाडून टाक म्हटलं तरी चालेल.

आता एक माझा. मुलांचा वॉर्ड. दम्याचा मुलगा, तासापूर्वी छातीत शिट्टी जोरात वाजत होती, आता वाजत नाही, औषध अजून दिलेलं नाही, शांत पडलाय. आणि टॉन्सिल काढलेली ७ वर्षांची मुलगी, झोपेत सारखी घोट गिळतेय. दोन्ही खऱ्या धोक्यात आहेत, मुलगी रक्त गिळतेय. पण मुलाची शिट्टी बरी झाल्यामुळे थांबलेली नाही, हवा आत-बाहेर होतच नाहीये म्हणून थांबलीय. कोण आधी आणि का, ते मला व्हॉइस नोटवर सांग, टिक नको. आठच्या आत पाठव, त्यानंतर फोन लॉकरमधे असतो.

डब्यात थालीपीठ ठेवलंय, लोणचं वरच्या फडताळात.

आई