कलियुगाची वर्षे नेमकी किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुवर्णयुगापासून लोहयुगापर्यंतच्या कथांवर आलेला लेख आवडीने वाचला. ग्रीक आणि भारतीय कथा शेजारी शेजारी मांडण्याची कल्पना चांगली आहे. पण काळ मुळातच उतरणीला लागलेला असतो आणि कलियुगात माणसाच्या हाती काही उरत नाही, हा जो निष्कर्ष लेखकाने काढला आहे, तो मला मान्य नाही. या प्रश्नावर आपल्याच ग्रंथांत किती मतभेद आहेत, याचा लेखात उल्लेखही नाही.

आधी आकडे पाहू. पंचांगाच्या सुरुवातीच्या पानांवर कलियुगाची एकूण वर्षे ४,३२,००० आणि त्यांतली गेलेली वर्षे दिलेली असतात. गेलेली वर्षे काढायची रीत सोपी आहे. शालिवाहन शकात ३१७९ मिळवायचे. शके १९४७ साठी उत्तर येते ५१२६. म्हणजे कलियुगाचे शंभरातले जेमतेम सव्वा भागही सरलेले नाहीत. शिवाय प्रत्येक युगाच्या आधी आणि नंतर संधिकाल असतो, आणि कलीचा आरंभीचा संधिकालच ३६,००० वर्षांचा आहे. या हिशेबाने खरा कली अजून लागलेलाही नाही! आजच्या प्रत्येक दुराचाराचे खापर कलियुगावर फोडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

एवढा मोठा आकडा आला कुठून? मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात कृतयुग ४००० वर्षांचे सांगितले आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चारचारशे वर्षांचे संधिकाल. पुढच्या प्रत्येक युगात हजारातून एक हजार आणि शंभरातून एक शंभर कमी होत जातात. कलीच्या वाट्याला १००० अधिक २००, म्हणजे १२०० वर्षे येतात. चारही युगांची बेरीज १२,०००. माणसाचे एक वर्ष म्हणजे देवांचा एक दिवस, म्हणून या १२०० ला ३६० ने गुणले की पंचांगातले ४,३२,००० मिळतात. पण युगांची लांबी सांगणाऱ्या श्लोकांत मनूने नुसती 'वर्षे' म्हटले आहे. ही चार युगे मिळून देवांचे एक युग होते, असे तो त्यानंतर सांगतो. ती वर्षेच देवांची, असा अर्थ टीकाकारांनी लावला.

लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आर्क्टिक होम' या ग्रंथात नेमका हाच मुद्दा उचलला आहे. त्यांच्या मते ही वर्षे मुळात माणसांचीच होती. पुराणे रचली गेली तोवर कलीची १२०० वर्षे उलटून गेली होती, पण कली संपला आणि आपण नव्या कृतयुगात राहतो आहोत, हे मानायला पुराणकारांचे मन तयार होईना, म्हणून वर्षे दिव्य ठरवून मुदत लांबवली गेली. आर्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ होते, ही टिळकांची उपपत्ती आज फारसे कुणी मानत नसले, तरी हा तर्क मला पटतो. रूढ समजुतीप्रमाणे कलीचा आरंभ इ. स. पू. ३१०२ चा धरून १२०० वर्षे मोजली, तर कली इ. स. पू. १९०२ च्या सुमारास संपतो आणि पुन्हा सत्ययुग लागायला हवे. ते लागलेले कुणालाच दिसले नाही. मग कथा सोडून द्यायची की आकडा बदलायचा, एवढेच उरले, आणि आकडा बदलला गेला. यातून काळाच्या स्वभावाबद्दल काही सिद्ध होते, असे मला वाटत नाही. आपला काळ वाईट आहे ही जी भावना प्रत्येक पिढीची असते, ती मात्र यातून स्पष्ट दिसते.

आर्यभटाने तर उतरणच काढून टाकली. त्याने ४३,२०,००० वर्षांचे महायुग ठेवले, पण त्याचे चार सारखे भाग केले, प्रत्येकी १०,८०,००० वर्षांचे. तीन युगपाद आणि साठ गुणिले साठ वर्षे गेली तेव्हा आपल्याला तेवीस वर्षे झाली होती, असे तो स्वतः सांगतो. ते साल इ. स. ४९९. चार, तीन, दोन, एक हे घटते प्रमाण त्याच्या ग्रहगणिताला लागतच नव्हते. पुढे ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये हे स्मृतींच्या विरुद्ध आहे म्हणून त्याच्यावर टीका केली. म्हणजे काळ सारख्या गतीने जातो की धर्माचा एकेक पाय तोडत जातो, यावर आपल्याकडे चौदाशे वर्षांपूर्वीच उघड वाद झाला होता.

ग्रीकांच्या बाबतीतही लेख घाईत आहे. हेसिअडच्या काव्यात सोने, रुपे, कासे आणि लोखंड यांच्या पिढ्या आहेत हे खरे. पण कासे आणि लोखंड यांच्यामध्ये त्याने वीरांची एक पिढी घातली आहे आणि ती आधीच्या पिढीपेक्षा चांगली आहे, असे स्वच्छ म्हटले आहे. लोखंडी पिढीत जन्मण्याऐवजी आपण आधी मेलो असतो किंवा नंतर जन्मलो असतो तर बरे, असेही तो म्हणतो. 'नंतर' या शब्दात पुढे बरे दिवस असू शकतात, हे आलेच. आणि हे सगळे तो कुणाला ऐकवतो? वडिलार्जित इस्टेटीवरून भांडणाऱ्या, लाच खाणाऱ्या न्यायाधीशांच्या मागे लागलेल्या आपल्या भावाला, पर्सेसला. त्याला भावाने सरळ वागून शेतात कष्ट करायला हवे आहेत. सगळे अटळ आहे असे मानणारा माणूस एवढा उपदेश करत बसत नाही.

आता कलियुगाचा आधार घेऊन काय काय झाले, ते पाहा. विधवांच्या पुनर्विवाहाला विरोध करणाऱ्यांनी 'कलिवर्ज्य' प्रकरण पुढे केले. पूर्वीच्या युगांत चाललेल्या काही गोष्टी कलीत वर्ज्य आहेत आणि विवाहितेचा पुन्हा विवाह त्यांतच येतो, असे त्यांचे म्हणणे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्याच कलियुगाचा आधार घेऊन उत्तर दिले. कलीसाठी पराशरस्मृती प्रमाण आहे, असे ती स्मृती स्वतःच सांगते. आणि नवरा बेपत्ता, मृत, संन्यासी, नपुंसक किंवा पतित असेल, तर स्त्रीला दुसरा पती करता येतो, असा श्लोक त्याच स्मृतीत आहे. १८५६ मध्ये पुनर्विवाहाचा कायदा झाला. विद्यासागरांचे पुस्तक विष्णुशास्त्री पंडितांनी मराठीत आणले आणि इथेही तोच वाद पेटला. मुलीबाळींचे केशवपन होत होते, तेव्हा 'काळच तसा' म्हणून गप्प बसणारे पुष्कळ होते. विद्यासागर आणि विष्णुशास्त्री गप्प बसले नाहीत, आणि त्यासाठी त्यांना कलियुग नाकारावेही लागले नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात तर हा प्रश्न भीष्मांनी सरळच सोडवला आहे. काळ राजाला घडवतो की राजा काळाला, याचा संशय नको, राजाच काळाचे कारण आहे, असे ते युधिष्ठिराला सांगतात. राजा दंडनीती पूर्णपणे पाळतो तेव्हा कृतयुग, तीन हिश्शांनी पाळतो तेव्हा त्रेता, निम्म्याने पाळतो तेव्हा द्वापर, आणि ती टाकून प्रजेला छळतो तेव्हा कली. इथे युग वर्षांनी मोजलेलेच नाही, कारभारावरून मोजले आहे. एकाच राज्यात आज कली आणि उद्या कृत असू शकते. आपल्या लेखकांनी पुढच्या भागात शांतिपर्वातले हे प्रकरण मुळातून, अर्थासह द्यावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका, सातारा