राजारामपुरीतल्या संध्याकाळचा हिशेब

गडहिंग्लज

चि. संकेत यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, की संध्याकाळचं ॲपवरचं डिलिव्हरीचं काम चालू ठेवू की गल्लीतल्या मेसवाल्या काकूंचे डबे पोचवायला घेऊ. तेव्हा मी लगेच उत्तर दिलं नाही. मागच्या रविवारी कोल्हापूरला तुझ्या खोलीवर आलो होतो तेव्हा तुझ्या वहीतली पानं मी उतरवून आणली होती, ती घेऊन दोन रात्री बसलो. आता सावकाश लिहितो.

तू म्हणालास, "अण्णा, संध्याकाळी दोनशे ऐंशी सुटतात." सुटतात ते नव्हे बाळा, हातात येतात ते. तुझी मंगळवारची संध्याकाळ घे. सात ते साडेदहा, म्हणजे साडेतीन तास. आठ ऑर्डरी, सरासरी पस्तीस रुपये, एकूण २८०. ॲपमध्ये २६ किलोमीटर दिसत होते, पण तू गाडीच्या मीटरचे आकडे लिहून ठेवलेस हे फार बरं केलंस. मीटरवर ४४ होते. मधले अठरा किलोमीटर म्हणजे रिकामं परतणं. फुलेवाडीला पार्सल दिलं की तिथून पुन्हा हॉटेलांच्या गर्दीत यायचं, पाचगावला दिलं की पुन्हा चढून-उतरून राजारामपुरीत. त्या परतीचे पैसे तुला कुणी देत नाही, पेट्रोल मात्र तुझं जळतं.

तुझी गाडी शहरात लिटरला ४५ देते. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर ४४ किलोमीटरचे १०३ रुपये झाले. ऑइल, टायर, ब्रेक शू, चेन सेट, सर्व्हिसिंग यांचे मी किलोमीटरला साठ पैसे धरतो, त्याचे २६. उरले १५१. तासाला त्रेचाळीस रुपये.

आता गुरुवार बघ. त्या दिवशी पाऊस होता म्हणून तू लांबच्या ऑर्डरी घेतल्या नाहीस, राजारामपुरी-शाहूपुरीतच फिरलास. सातच ऑर्डरी झाल्या, २४५ रुपये, आणि तू नाराज होतास. पण मीटर ३० किलोमीटरच फिरला होता. पेट्रोलचे ७०, झिजेचे १८ वजा केले तर १५७ उरतात. एक ऑर्डर कमी, चौदा किलोमीटर कमी आणि पैसे सहा रुपये जास्त. हे पान मी तुझ्या आईलाही दाखवलं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. पतसंस्थेची पिग्मी गोळा करत होतो तेव्हाची गोष्ट. बाजारपेठेत माझी साठेक खाती होती, सगळी चालत होण्याजोगी. मग हिरण्यकेशीच्या पलीकडच्या वस्तीतली दहा खाती मिळाली. माझी छाती फुगली. रोज दहा-दहा रुपये, म्हणजे शंभर. कमिशन शेकडा तीन, म्हणजे मला तीन रुपये. एम-एटीवर जाऊन-येऊन आठ किलोमीटर, आणि पेट्रोल जळायचं पाच-सहा रुपयांचं. चार महिने मी आनंदाने तोटा करत होतो, कारण कमिशन महिन्याच्या शेवटी एकदम यायचं आणि पेट्रोल रोज थोडं थोडं जायचं. एकाच गल्लीतली दहा दारं आणि दहा गल्ल्यांतली दहा दारं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

म्हणून काकूंचे डबे मला मोलाचे वाटतात. बारा डबे, डब्याला पंधरा रुपये, रोजचे १८०. सगळे चौथ्या गल्लीपासून बाराव्या गल्लीपर्यंत, फार तर आठ किलोमीटर. पेट्रोल आणि झीज मिळून २४ रुपये. उरतात १५६, तेही सव्वा तासात. साडेतीन तासांत जे उरतं तेच इथे सव्वा तासात उरतंय. सकाळी गोकुळ शिरगावला फाउंड्रीत तुला तापलेल्या धातूपाशी उभं राहायचं असतं. रात्री साडेदहाला फिरून आलेला मुलगा सकाळी तिथे पेंगला तर काय होईल, हा विचार मला झोपू देत नाही.

पण डब्यांची अडचणही ओळखून घे. सुट्ट्या लागल्या की बारातले सहा विद्यार्थी गावी जातात, आणि सहा डब्यांसाठीही जवळपास तोच फेरा पडतो. तेव्हा काकूंशी आधीच बोल, की आठपेक्षा कमी डबे झाले तरी दिवसाचे १२० रुपये ठरलेले. पैसे महिन्याचे नकोत, दर शनिवारी घे. काकू चांगल्या आहेत, पण त्यांचेच पैसे मुलांकडे अडकतात, मग तुझे कुठून येणार? आणि तुला ताप आला तर डबे कोण नेईल, तो मित्र आजच ठरव. ऑर्डर नाकारता येते, जेवणाचा डबा नाकारता येत नाही.

ॲप एकदम बंद करू नकोस. शुक्रवार-शनिवारी डबे आटोपले की दोन तास चालू ठेव, मात्र दहानंतर लांबची ऑर्डर घेऊ नकोस. रोख रक्कम घेतलीस तर ती वेगळ्या खिशात. ती तुझी नाही. मी एकदा पिग्मीच्या पैशातले तीनशे रुपये टायरला घातले आणि ते भरून काढायला मला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत रोज संध्याकाळी काउंटरवर पैसे मोजताना हात कापायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्या गाडीच्या विम्याचा कागद इथे घरीच आहे, तो मी भिंगाने वाचला. 'लिमिटेशन्स ॲज टू यूज' असं एक कलम आहे. त्यात लिहिलंय की भाड्याने किंवा मोबदल्यासाठी गाडी वापरली, किंवा नमुने आणि स्वतःचं सामान सोडून दुसरा माल वाहिला, तर विमा लागू नाही. पार्सल असो वा डबा, दोन्ही त्यात येतात. अपघात झाला तर तुझ्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो, आणि समोरच्याला दिलेली भरपाई विमा कंपनी तुझ्याकडून वसूल करायला बघू शकते. ॲपवाल्यांचा अपघात विमा असेल तर तो कधी लागू होतो, लॉग-इन असताना की फक्त ऑर्डर हातात असताना, हे त्यांच्या अटींत शोध. डब्यांना तर तो आधारही नाही. सोमवारी विमा एजंटला भेट, काय काम करतोस ते खरं सांग, आणि काय करता येईल ते लेखी घे. तोंडी "काही होत नाही" म्हणाला तर ते धरू नकोस.

फाउंड्रीच्या नेमणूक पत्रात दुसरं काम करण्यास मनाई आहे का, तेही वाच. असेल तर साहेबांना विचारून घे, लपवू नकोस.

लिटरमागचे ४५ तू अंदाजाने सांगितलेस. शनिवारी पंपावर ऑटो कट होईपर्यंत टाकी भर, मीटरचा आकडा लिही, आठवडाभर चालव आणि पुढच्या शनिवारी त्याच पंपावर पुन्हा ऑटो कटपर्यंत भर. किती किलोमीटर झाले भागिले किती लिटर गेले, तो खरा आकडा मला कळव. चाळीस निघाला तर वरचा सगळा हिशेब मी पुन्हा मांडून पाठवतो.

आईने नवीन रेनकोट घेऊन ठेवलाय, बसवाल्याकडे देते. हेल्मेटची काच ओरखडली आहे, मी रविवारी पाहिली. रात्री समोरच्या दिव्याने ती पांढरी होते. तेवढी लगेच बदल, पैसे मी पाठवतो.

तुझे
अण्णा