टिपेचा डबा आता तासांवर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगितले असते तर बाबा नुसते "बरं" म्हणून गप्प झाले असते, म्हणून लिहिते आहे. बाबा, रात्री गल्ला मिटवल्यावर टिपेचा डबा उपडा करून तुम्ही सर्वांना सारखे वाटे घालत होतात, ती रीत मी एक तारखेपासून बदलली आहे. आता वाटणी कामाच्या तासांप्रमाणे होते.

तुमच्या वेळी तिघेही एकत्र येत आणि एकत्र जात, त्यामुळे सारखा वाटा योग्यच होता. आता पाळ्या एकमेकींवर येतात. गणपतकाका सकाळी 11 ते संध्याकाळी 7, सुनीताताई दुपारी 12 ते 4 आणि इरफान 5 ते रात्री 11 असतो. एक तारखेला डब्यात 1,800 रुपये जमले होते. सारखे वाटले असते तर प्रत्येकी 600, म्हणजे आठ तास उभे राहणाऱ्या काकांना चार तासांइतकेच.

त्या रात्री आधी माझीच चूक झाली. हॉटेल 12 तास उघडे असते म्हणून मी 1,800 ला 12 ने भागले आणि तासाला 150 रुपये धरले. काकांचे 1,200 आणि ताईंचे 600 बाजूला काढले, तर डबा रिकामा झाला आणि इरफान समोर उभा होता. दुपारचे चार आणि संध्याकाळचे दोन, असे सहा तास दोघे जण एकाच वेळी कामावर असतात, आणि ते मी एकदाच मोजले होते. भागायचे ते घड्याळाच्या तासांनी नव्हे, तर प्रत्येकाच्या तासांच्या बेरजेने: 8, 4 आणि 6 मिळून 18. तासाला 100 रुपये पडले. काकांना 800, ताईंना 400, इरफानला 600. वाटे पुन्हा मिळवून 1,800 भरतात का, हे पाहिल्याशिवाय आता मी कोणाच्या हातात पैसे देत नाही.

रात्री टीप जास्त पडते, म्हणून दुपारचा आणि रात्रीचा डबा वेगळा करावा, असे इरफानचे म्हणणे होते. मी नाही म्हटले. लेकराच्या शाळेमुळे ताईंना रात्री थांबता येत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. डबा तुमचाच, एकच राहील. ताईंच्या पगाराला हात लावलेला नाही, आई, तू काळजी करू नकोस.

तुमच्या मांडीवर बसून मी नाण्यांच्या चळती रचायचे, तसेच आजही दहा-दहाच्या रचते. ऑनलाइन आलेली टीप वहीत लिहून तेवढी रोकड डब्यात टाकते.

बाबा, हिशेब पाहायला गुडघे दुखवत जिना उतरू नका. वही मी वर पाठवीन. ताईंना गुपचूप 200 रुपयेही देऊ नका. रक्तदाबाची गोळी जेवणानंतर लगेच घ्या.

तुमची,
छकुली